दहा महिन्यांचा ॲडव्हान्स आणि ७२ चा आकडा

पुण्या-मुंबईचा माणूस बेंगळुरूत भाड्याचे घर शोधायला लागला की त्याला पहिला धक्का बसतो तो भाड्याचा नव्हे, ॲडव्हान्सचा. पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत दिली की काम भागते. जयनगर, मल्लेश्वरम, बसवनगुडी या भागांतले घरमालक मात्र वर्षानुवर्षे दहा महिन्यांचे भाडे मागत आले आहेत. घासाघीस करून हा आकडा पाच-सहा महिन्यांवर आणता येतो, पण बोलणी सुरू होतात ती दहापासूनच. भाडे ३०,००० असेल तर ३ लाख रुपये घरमालकाच्या खात्यात बिनव्याजी पडून राहतात, आणि घर सोडताना बहुधा एक महिन्याचे भाडे रंगकामाच्या नावाखाली कापून उरलेले परत मिळतात. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांची अनामत सुचवली आहे. पण तो कायदा राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे, बंधन नव्हे. ‘पैसे परतच मिळणार आहेत की’ असे म्हणून भाडेकरू हा पैसा खर्चात धरतच नाही. रंगकामाचे ३०,००० त्याला बोचतात, कारण ते डोळ्यांसमोर कापले जातात. त्यापेक्षा कितीतरी मोठी रक्कम पाच वर्षांत न दिसता गेलेली असते. ती पाहायला ७२ चा नियम पुरतो. या नियमाचे खरे काम ‘माझे पैसे दुप्पट कधी होतील’ याचे गोड उत्तर देणे हे नाहीच, असे माझे मत आहे. आपला पैसा दुसऱ्याच्या हातात असताना त्याची किंमत कोण मोजतो आहे, हे तो चांगले दाखवतो.

नियम एका ओळीचा आहे. ७२ ला वार्षिक व्याजदराने भागा, पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षे मिळतात. ६ टक्क्यांना १२ वर्षे, ८ टक्क्यांना ९, ९ टक्क्यांना ८. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात हा नियम आहे, पण ७२ च का, हे त्याने सांगितलेले नाही. कारण असे, की व्याज क्षणाक्षणाला मुद्दलात मिळत गेले असते तर योग्य आकडा ६९.३ आला असता, कारण २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.६९३ आहे. व्याज वर्षातून एकदाच मिळते तेव्हा दुप्पट व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून आकडा थोडा वर सरकतो, आणि आठ टक्क्यांच्या आसपास तो जवळजवळ नेमका ७२ होतो. शिवाय ७२ ला २, ३, ४, ६, ८, ९, १२ यांनी नि:शेष भाग जातो. तोंडी हिशेब करणाऱ्याला यापेक्षा सोयीचा आकडा मिळणे अवघड.

नियमाची परीक्षा घ्यायला आपल्याकडे एक सरकारी साधन आयते आहे. पोस्टातले किसान विकास पत्र विकले जाते तेच ‘इतक्या काळात दुप्पट’ या भाषेत. १९८८ साली ते सुरू झाले तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत. ७२ ला ५.५ ने भागले की १३.१ येतात, खरा दर १३.४ च्या आसपास होता. २०११ मध्ये ही योजना बंद झाली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये १०० महिन्यांच्या मुदतीने परत आली. एप्रिल २०२३ पासून दर साडेसात टक्के आणि मुदत ११५ महिने झाली. ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्षे, म्हणजेच ११५ महिने. अर्थ मंत्रालयाने जाहीर केलेला आकडा मनातल्या मनात आला. त्याच पत्राची मुदत साडेपाच वर्षांवरून साडेनऊ वर्षांवर गेली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ‘पूर्वी पोस्टात पैसे पटकन दुप्पट व्हायचे’ असे वडीलधारे म्हणतात ते खरे आहे. मात्र तेव्हा महागाईही आजच्यापेक्षा जोरात धावत होती, ही दुसरी बाजू सहसा सांगायची राहून जाते.

आता ॲडव्हान्सकडे वळू. भाडेकरू काही दुप्पट व्हायची वाट पाहत दहा वर्षे एका घरात राहत नाही, तीन किंवा पाच वर्षे राहतो. म्हणून नियमाला एक छोटी जोड द्यावी लागते. दुप्पट व्हायच्या काळाच्या निम्म्या वेळात पैसे १.४ पट होतात, दीडपट नाही, कारण १.४ ला १.४ ने गुणले की साधारण २ येतात. तसेच एक तृतीयांश काळात ते साधारण सव्वापट होतात. एवढे दोन आकडे पाठ असले की बहुतेक प्रसंग निभावतात. बँकेची मुदत ठेव सातच्या आसपास देते असे धरू. सोयीसाठी दर ७.२ घेतला की दुप्पट व्हायला बरोबर दहा वर्षे लागतात. पाच वर्षे म्हणजे निम्मा काळ. तेव्हा ३ लाखांचे ४ लाख २० हजार झाले असते, आणि घरमालक परत देतो ते ३ लाखच. गेले १ लाख २० हजार, म्हणजे चार महिन्यांचे भाडे. रंगकामाच्या एका महिन्यावरून हुज्जत घालणारा भाडेकरू या चार महिन्यांबद्दल चकार शब्द काढत नाही.

हाच नियम आटणाऱ्या पैशालाही लागतो. महागाई ५ टक्के धरली तर ७२ भागिले ५, म्हणजे १४.४ वर्षांत किमती दुप्पट होतात आणि तेवढ्याच काळात नोटेची खरेदीशक्ती निम्मी होते. रिझर्व्ह बँकेचे ४ टक्क्यांचे उद्दिष्ट अगदी पाळले गेले तरी अठरा वर्षांत हजाराचे पाचशे होतात. पाच वर्षे हा १४.४ चा एक तृतीयांशाहून किंचित जास्त भाग, म्हणून किमती सव्वापटीच्या थोड्या वर जातात आणि परत आलेल्या ३ लाखांत आजच्या २ लाख ३५ हजारांचाच माल येतो. इथे मात्र एक चूक हमखास होते. लोक व्याजाचे १ लाख २० हजार आणि महागाईचे ६५ हजार यांची बेरीज करून १ लाख ८५ हजार बुडाले म्हणतात. हे एकच नुकसान दोनदा मोजणे झाले. बँकेच्या सात टक्क्यांत महागाईची भरपाई आधीच आलेली असते. पाच टक्के महागाईत सात टक्के व्याज मिळाले तर खरी वाढ दोनच टक्क्यांची, आणि त्या गतीने पैशाची ताकद दुप्पट व्हायला ३६ वर्षे लागतात. म्हणून एक तर आजच्या रुपयांत मोजा किंवा परतफेडीच्या दिवशीच्या रुपयांत.

आटण्याच्या हिशेबात आणखी एक बारकावा आहे. महागाईत नोटेच्या ताकदीला १.०५ ने भागावे लागते, म्हणून निम्मे व्हायचा काळ किमती दुप्पट व्हायच्या काळाइतकाच असतो. गाडीचा घसारा वेगळा. तिथे दरवर्षी उरलेल्या किमतीतून ठरावीक टक्के वजा होतात. आयकरात गाडीला १५ टक्के घसारा धरतात. ७२ भागिले १५ म्हणजे ४.८ वर्षे, पण प्रत्यक्षात पुस्तकी किंमत सव्वाचार वर्षांतच निम्मी होते. वजाबाकीने आटणाऱ्या वस्तूसाठी ७२ सोडून ६९ पासून सुरुवात करावी आणि दर तीन टक्क्यांमागे एक कमी करत जावे. १५ टक्क्यांना ६४ येतात, आणि ६४ भागिले १५ म्हणजे ४.२७, अगदी बरोबर. चढत्या बाजूला याच्या उलट करायचे: दर आठच्या वर गेला की दर तीन टक्क्यांमागे ७२ मध्ये एक मिळवायचा. २० टक्क्यांना ७६ येतात, म्हणजे ३.८ वर्षे.

बेंगळुरूत ॲडव्हान्सचा एक मोठा भाऊही आहे. त्याला तिथे भोग्य म्हणतात, ब्रोकरच्या भाषेत नुसते ‘लीज’. मुंबईकर ज्याला हेवी डिपॉझिट म्हणतो तोच हा प्रकार. घरमालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, भाडे शून्य, आणि दोन-तीन वर्षांनी घर सोडताना ती रक्कम जशीच्या तशी परत घ्यायची. ‘फुकट राहा, पैसेही परत’ अशी त्याची जाहिरात होते. समजा, एका घराचे भाडे महिना १५,००० आहे आणि तेच घर तीन वर्षांच्या भोग्यावर २० लाखांना मिळते. ७.२ टक्क्यांनी पैसे दहा वर्षांत दुप्पट होतात. तीन वर्षे हा त्याचा एक तृतीयांशाहून थोडा कमी भाग, म्हणून वाढही सव्वापटीहून थोडी कमी, १.२३ पट. २० लाखांचे २४ लाख ६० हजार झाले असते. सोडून दिलेले व्याज ४ लाख ६० हजार, आणि वाचलेले भाडे ३६ महिन्यांचे ५ लाख ४० हजार. भोग्य स्वस्त पडले. भाडेकरू आयकराच्या तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर फरक आणखी वाढतो, कारण व्याजावर कर भरून त्याच्या हाती पाचच टक्के उरतात. मग दुप्पट व्हायला १४.४ वर्षे लागतात, तीन वर्षे हा त्याचा पाचवा हिस्सा, आणि तेवढ्यात २० लाख साधारण ३ लाख १० हजारांनीच वाढले असते. भाडे मात्र करभरणा झालेल्या पगारातून जाते. म्हणजे ५ लाख ४० हजारांची गोष्ट ३ लाख १० हजारांत झाली.

इथे नियम उलटा फिरवून पाहावा. घरमालक हा तोट्याचा व्यवहार का करतो? त्याने वर्षाला १ लाख ८० हजारांचे भाडे सोडले आणि २० लाख घेतले, म्हणजे ९ टक्क्यांनी कर्ज उचलले. हे कर्ज आठ वर्षांत दुप्पट होणाऱ्या गतीचे आहे. बँक ज्याला आनंदाने घरतारण कर्ज देईल त्याला याच दराने, किंवा कमीतही, पैसे मिळू शकतात, तेही लांब मुदतीचे. मग तो भाडेकरूकडे का येतो? कधी कागदपत्रांचा कंटाळा, कधी उत्पन्न कागदावर दाखवण्याची अडचण, कधी एखादे दुसरे महाग कर्ज फेडायची घाई. शेवटचे कारण सर्वांत धोक्याचे. घर आधीच बँकेकडे गहाण असेल आणि हप्ते थकले, तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक त्याचा ताबा घेऊन लिलाव करू शकते, आणि साध्या स्टॅम्प पेपरवर करारनामा करून बसलेला भोग्यदार मागे पडतो. भोग्य हे कायद्याच्या दृष्टीने १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले कब्जेगहाण ठरायला हवे असेल तर दस्त नोंदणीकृत लागतो. भोग्यदाराने उपनिबंधक कार्यालयातून ईसी, म्हणजे बोजाचा दाखला, काढून आधीचे गहाण पाहिले पाहिजे. तो दाखला नोंदलेलेच बोजे दाखवतो, म्हणून मूळ खरेदीखत घरमालकाच्या हातात आहे की बँकेच्या तिजोरीत, हेही विचारायला हवे. हिशेबात वाचलेले २ लाख ३० हजार ही या जोखमीची किंमत आहे. ती पुरेशी आहे का, हे ७२ चा आकडा सांगत नाही. २० लाख परत आलेच नाहीत तर कोणत्याच दराला अर्थ उरत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो हा, की फोनमध्ये गणकयंत्र असताना तोंडी हिशेब कशाला. गणकयंत्र आकडेमोड करते, पण प्रश्न विचारत नाही. ब्रोकर समोर बसून ‘टोकन आजच द्या’ म्हणतो तेव्हा कोणी चक्रवाढीचे सूत्र उघडत नाही. त्या क्षणी मनात आपोआप येईल तेवढेच गणित कामाचे. दुसरा आक्षेप अंदाजीपणाचा. पण ४ ते १२ टक्क्यांच्या पट्ट्यात या नियमाची चूक दीड-दोन टक्क्यांच्या पुढे जात नाही, आणि पुढच्या पाच वर्षांत महागाई किंवा व्याजदर किती राहील याबद्दलची आपली अनिश्चितता त्याच्या कैक पट असते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. नियम असे धरून चालतो की मिळालेले व्याज पुन्हा त्याच दराने गुंतत जाते. व्याज दरमहा हातात पडून खर्च होत असेल तर काहीच दुप्पट होत नाही. बेंगळुरूतच या मुद्द्याचे एक कटू उदाहरण घडले. २००६ साली सुरू झालेल्या आय मॉनेटरी ॲडव्हायजरी, म्हणजे आयएमए या कंपनीत शहरातल्या हजारो कुटुंबांनी पैसे गुंतवले होते. महिन्याला अडीच ते तीन टक्के परतावा देण्याचे तिचे आश्वासन असल्याचे वर्तमानपत्रांत आले. जून २०१९ मध्ये कंपनी कोसळली, प्रवर्तक देश सोडून गेला, जुलैमध्ये दिल्लीत उतरताच पकडला गेला आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. महिन्याला तीन टक्के हाती घेतले तर स्वतःचेच मुद्दल परत यायला सुमारे ३३ महिने लागतात. त्यानंतर येणारा पैसा खरा नफा. म्हणजे कंपनी कोसळण्याआधीच्या ३३ महिन्यांत शिरलेला प्रत्येक जण, दर महिन्याला नेमाने पैसे येत असूनही, आतबट्ट्यातच होता. आपल्या हातात येणारा ‘नफा’ हा आपल्याच मुद्दलाचा तुकडा असू शकतो, हे हप्त्याकडे पाहून कळत नाही.

पैसे आत ठेवले तर ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिन्यांत दुप्पट. नियम महिन्यांनाही चालतो, फक्त दर महिन्याचा घ्यायचा. आता हाच दर २००६ ते २०१९ अशी तेरा वर्षे चालू राहिला असता असे धरू. तेरा वर्षांत साडेसहा वेळा दुप्पट. सहा वेळा दुप्पट म्हणजे ६४ पट, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी १.४, म्हणजे सुमारे ९० पट. एका लाखाचे ९० लाख. कोणत्या व्यापारात तेरा वर्षांत ९० पट होतात? महिन्याला तीन टक्के ऐकायला फारसे अवास्तव वाटत नाही, क्रेडिट कार्डाची बँक आपल्याकडून तेवढे घेतेच. पण तो दर काळाच्या मापात ओढून नेला की दावा आपोआप उघडा पडतो. उलट, क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना साडेतीन टक्क्यांनी वाढत असेल तर ती वीस महिन्यांत दुप्पट होते, आणि इथे मात्र दर खरा असतो.

ही सगळी मापे हातात घेऊन पुन्हा घरमालकासमोर बसायचे. ३०,००० भाडे आणि १० महिन्यांचा ॲडव्हान्स, तुम्हाला तो ३ महिन्यांवर आणायचा आहे, बदल्यात थोडे जास्त भाडे द्यायची तयारी आहे. सात महिन्यांचे २ लाख १० हजार मोकळे होतात. तुमचे पैसे नुसते मुदत ठेवीत असतील, दहा वर्षांत दुप्पट होणारे, तर त्यांचे तुम्हाला महिन्याचे मोल सुमारे १,२५० रुपये. घरमालक ९ टक्क्यांच्या गृहकर्जाचे हप्ते भरत असेल, आठ वर्षांत दुप्पट होणारे, तर त्याच्या लेखी तेच पैसे महिना १,५७५ रुपयांचे. १,२५० साठी तो ते सोडणार नाही आणि सोडावेत असे तुम्ही म्हणूही नये. तुमचा पैसा हळू वाढतो, त्याचे कर्ज जोरात वाढते. मग पैसा त्याच्याकडे राहणेच दोघांच्या फायद्याचे, फक्त भाड्यात तेवढी सूट तुम्ही मागायला हवी. भोग्याची प्रथा उभी आहे ती याच फरकावर. पण नुकता नोकरीला लागलेला, ॲडव्हान्ससाठी १४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढणारा मुलगा समोर असेल तर चित्र फिरते. त्याचे कर्ज पाच वर्षांच्या थोडे पुढे दुप्पट होते, आणि ते २ लाख १० हजार त्याला महिना २,४५० ला पडतात. त्याने ॲडव्हान्स कमी करून महिना २,००० जास्त भाडे देऊ केले तर तो स्वतः ४५० वाचवतो आणि घरमालकाला ४२५ जास्त मिळतात.